पस्तीसशे मुलं

ताईच्या पोटात दुखत होतं, आणि असल्या पोटदुखीवर कुठल्याही दुकानात गोळी मिळत नाही. दुखणं समोरच्या टेबलावर बसलं होतं. हसरं, चटपटीत, सव्वीस वर्षांचं दुखणं. ऑफिसात सगळे तिला 'नवी' म्हणायचे. येऊन आठ महिने झाले तरी ती नवीच होती आणि सगळ्यांची लाडकी होती. ताई अकरा वर्षं त्याच खुर्चीत बसून जुनी झाली होती. जुन्या माणसाला लाडकं कोण म्हणतं? जुन्या माणसाला फक्त "तुम्हाला माहीतच आहे" म्हणतात आणि काम पुढ्यात टाकतात.

काम काय होतं, तेही सांगून टाकते. मोठ्या कंपनीने आपल्या नफ्यातला एक वाटा लोकांच्या भल्यासाठी काढायचा, म्हणून एक ट्रस्ट काढला होता. त्या ट्रस्टचं हे ऑफिस, तिसऱ्या मजल्यावर, सहा टेबलं आणि एक कुरकुरणारा पंखा. ट्रस्टच्या पैशातून वस्त्यावस्त्यांमध्ये वाचनवर्ग चालायचे. शाळेत जाऊनही ज्यांना वाचता येत नाही, अशा पोरांसाठी. वर्ग चालवायची एक वेगळी संस्था, आणि दर तीन महिन्यांनी तिच्याकडून चाळीस केंद्रांचे अहवाल यायचे. पटावर किती मुलं, त्यांची नावं, भाडं, पुस्तकं, शिकवणाऱ्यांचं मानधन, चाचणीचे निकाल. कुठे चहा सांडलेला, कुठे बेरीज चुकलेली. वर्षअखेरीला या सगळ्या ढिगाचं एक पान करायचं आणि विश्वस्तांपुढे ठेवायचं. लाभार्थी किती, बजेटपैकी खर्च किती, आणि परिणाम काय. बस. विश्वस्तांना एका पानापेक्षा जास्त वाचायला वेळ नसतो, आणि त्या एका पानावरच पुढच्या वर्षीचे पैसे ठरतात.

ते पान अकरा वर्षं ताई करत होती. यंदा साहेब म्हणाले, "ताई, यंदा नवीला करू द्या. तुम्ही फक्त नजर टाका."

फक्त नजर टाका! आयुष्यभर स्वयंपाक केलेल्या बाईला सांगावं, की तुम्ही नुसता वास घ्या. ताई "हो साहेब" म्हणाली आणि जागेवर येऊन तिने स्टेपलर असा आपटला, की शेजारचा हिशेबनीस दचकला.

तेवढंच असतं तर तिने गिळलंही असतं. पण खरा काटा वेगळाच होता. ते चाळीस वर्ग सांभाळणारी संस्थेची बाई म्हणजे ताईची सख्खी धाकटी बहीण. तीही आताशा उठता-बसता नवीचं नाव घ्यायला लागली होती.

"तायडे, अगं ती पोरगी काय आहे!" धाकटी फोनवर सांगायची. "परवा केंद्रावर आली, सरळ खाली बसली. पोरांबरोबर मोठ्याने वाचत होती. मला म्हणाली, तुम्ही हे सगळं एकट्या कसं सांभाळता? आजवर कुणी विचारलं होतं का मला असं?"

"मीच विचारत आले की."

"तू आकडे विचारतेस, तायडे."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई गेल्यावर हिची वेणी कुणी घातली? हिच्या फीसाठी स्वतःचं कॉलेज कुणी सोडलं? आणि आठ महिन्यांची ओळख असलेली ती कोण कुठली, ती हिला आता जवळची! धाकटीच्या मुलाच्या वाढदिवसाला नवी आली होती तेव्हा धाकटीने पहिला केकचा तुकडा तिच्या हातात दिला. तुम्ही म्हणाल, केकच्या तुकड्यावरून कुणी जळतं का? जळतं. चाळिशी उलटलेली, दोन मुलांची आई असलेली बाई जळते, आणि वर घरी येऊन नवऱ्याला सांगते, "केक काही खास नव्हता."

ताई वाचनवर्गावर अकरा वर्षांत दोनदा गेली होती, तीही साहेबांच्या गाडीतून. हे तिला आठवत होतं, आणि आठवलं की ती नवीला आणखीच पाण्यात पाहायची.

आता एक गोम ऐका. त्या पानाची कॉम्प्युटरवरची शीट ताईनेच बनवली होती. खर्चाच्या रांगेत चार तिमाह्या, आणि शेवटी त्यांची बेरीज. ती आपोआप व्हायची. खर्चाचं तसंच असतं, एकदा गेलेला पैसा पुन्हा मोजला जात नाही. लाभार्थ्यांच्या रांगेतही चार तिमाह्या होत्या, पण शेवटचा चौकोन रिकामा. कारण तिथे बेरीज करायचीच नसते! जे पोर पहिल्या तिमाहीत वर्गाला आलं, तेच दुसरीत येतं, तिसरीत आणि चौथीतही येतं. बेरीज केली तर एका पोराची चार पोरं होतात. म्हणून ताई दरवर्षी चारी अहवालांतल्या नावांच्या याद्या समोर मांडायची, मुलाचं नाव, बापाचं नाव, केंद्र ताडून पाहायची, आणि प्रत्येक पोर एकदाच मोजायची. मग तो आकडा हाताने त्या चौकोनात टाकायची. ही रीत तिने कुठे लिहून ठेवली नव्हती. साहेबांनी एकदा विचारलं, हा आकडा कुठून येतो? तेव्हा ती म्हणाली होती, "अनुभवातून." सगळं लिहून ठेवलं तर आपल्याला विचारणार कोण, असा तिचा साधा हिशेब.

सभेच्या आदल्या दुपारी नवी कागद घेऊन ताईच्या टेबलाशी आली. खुर्ची ओढून बसली आणि तिने लाभार्थ्यांच्या रांगेवर बोट ठेवलं.

"ताई, एक शंका आहे. मागच्या वर्षी तुमचा आकडा नऊशे तीस होता. माझा यंदा पस्तीसशे येतोय. शेवटचा चौकोन रिकामा होता, मी खर्चासारखीच बेरीज लावली. पण एवढा फरक? काही चुकतंय का माझं?"

ताईने कागद हातात घेतला. आठशे चाळीस, आठशे सत्तर, आठशे नव्वद, नऊशे. आणि शेवटी तीन हजार पाचशे. खरा आकडा ताईला ठाऊक होता. कुणी सांगितलं नसताना, नुसत्या हट्टाने, तिने घरी बसून याद्या ताडल्या होत्या. नऊशे साठ. ओठांवर आला होता तो आकडा.

तेवढ्यात नवीचा मोबाईल वाजला. पडद्यावर धाकटीचा फोटो, वाढदिवसाच्या टोपीतला. नवीने पटकन फोन बंद केला आणि म्हणाली, "नंतर बोलते तिच्याशी. रोज फोन असतो आमचा."

रोज! ताईला धाकटीचा फोन यायचा आठवड्यातून एकदा, तोही घाईत.

"यंदा केंद्रं वाढली ना," ताई म्हणाली. आवाज अगदी मधासारखा. "चौतिसांची चाळीस झाली. मुलं वाढणारच. छान झालंय पान."

"खरंच? हुश्श! तुम्ही बघितलंत म्हणजे झालं." नवीने तिचा हात दाबला आणि उड्या मारत साहेबांकडे गेली.

ताईने मनात सगळं रचून ठेवलं होतं. उद्या सभेत तो आकडा बघून विश्वस्त हसतील. नवीची त-त-प-प होईल. मग साहेब घाबरून मागे बघतील, आणि ताई शांतपणे उठेल. "थांबा, मी सांगते." नऊशे साठ. जिथल्या तिथे. पुन्हा त्या पोरीच्या हाती पान देण्याचं नाव कुणी काढणार नाही, आणि धाकटीलाही कळेल कोण कितपत हुशार आहे ते. यात कुणाचं काय वाईट होतं? कुणाचंच नाही. थोडा पोरीचा तोरा उतरेल, एवढंच. त्या संध्याकाळी ताईने घरी गुणगुणत भांडी घासली. नवऱ्याने विचारलं, "पगार वाढला का?"

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मोठ्या इमारतीत सभा भरली. लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या, पडद्यावर नवीचं पान. टेबलाच्या टोकाला अध्यक्षबाई, कंपनी उभी करणाऱ्याच्या पत्नी, कमी बोलणाऱ्या. शेजारी खजिनदार, निवृत्त हिशेबतज्ज्ञ, वाघासारखे डोळे आणि खिशात कायम कॅल्क्युलेटर. दोन-तीन विश्वस्त आणखी. ताईला यंदा टेबलाशी जागा नव्हती. भिंतीलगतच्या खुर्च्यांवर ती मांडीवर फाईल घेऊन बसली.

नवी बोलली छान. ताईलाही मान्य करावं लागलं, आणि म्हणूनच आणखी चरफड झाली. लाभार्थी मुलं पस्तीसशे. बजेट तीस लाख, खर्च सत्तावीस लाख साठ हजार, म्हणजे ब्याण्णव टक्के. परिणाम असा, की वर्षअखेरच्या चाचणीत चारशे बत्तीस मुलं सलग परिच्छेद वाचू लागली.

ताई खुर्चीच्या कडेला सरकली. आता हसतील.

कुणी हसलं नाही. खजिनदारांनी कॅल्क्युलेटर काढला.

"मागच्या वर्षी एका मुलावर तीन हजारांच्या आसपास खर्च होता," ते म्हणाले. "यंदा आठशेसुद्धा नाही. स्वस्त झालं."

"चांगलंच की," एक विश्वस्त म्हणाले.

"थांबा. मागच्या वर्षी शंभरातली चव्वेचाळीस मुलं वाचायला शिकली. यंदा शंभरात बारा." त्यांनी चष्मा काढला. "पस्तीसशे मुलं, चाळीस केंद्रं. एका खोलीत जवळजवळ नव्वद पोरं! अहो, सरळ आहे. आकडा फुगवायला संस्थेने पोरं कोंबली आहेत. शिकवायचं कुणालाच नाही, नावं मात्र लिहून घ्यायची. असल्या कामाला आपण पैसे देत बसायचं? माझं मत, हे वर्ग या वर्षी बंद. पैसे दुसऱ्या कामाला द्यावेत."

ताईच्या हिशेबात हे असं व्हायचं नव्हतं. आकड्याला हसायचं होतं, त्यांनी आकडा खरा मानला होता! माती खाल्ली नवीने, आणि तोंड धुतलं जाणार धाकटीचं. नवीने कुठे खाल्ली? आपणच भरवली ती.

नवी गोरीमोरी झाली होती. "सर, कोंबलेली नाहीत. मी स्वतः बघितलंय. खोलीत वीस-बावीस असतात. मग हा आकडा..." तिने मागे ताईकडे पाहिलं. त्या नजरेत संशय नव्हता. मदत मागत होती.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "एकीकडचं ऐकून ठरवायचं नाही. त्या वर्ग सांभाळणाऱ्या बाईंना फोन लावा."

साहेबांनी फोन टेबलाच्या मधोमध ठेवून आवाज मोठा केला. मागे पोरांचा गलका, आणि त्यातून धाकटीचा आवाज, "नमस्कार, बोला साहेब!" तिला वाटलं असणार, कौतुकाचा फोन आहे.

खजिनदारांनी आडपडदा ठेवला नाही. नव्वद पोरं, बारा टक्के, सगळं बोलून टाकलं. गलका लांब गेला. धाकटी बहुतेक बाहेर आली असावी.

"नाही हो, नव्वद कुठे बसतील? आमच्या खोल्या केवढ्याशा," ती म्हणाली. "बावीस-तेवीसच असतात."

"मग पस्तीसशे आले कुठून?"

"ते मला... एकंदर आकडा तुमच्या ऑफिसात होतो. माझी बहीण बघते, अकरा वर्षं झाली. ती चुकायची नाही." धाकटी थांबली. "तिने बघितलं असेल तर चूक माझ्याचकडून झाली असणार. मीच काहीतरी उलटंसुलटं लिहून पाठवलं असेल. पण त्यासाठी वर्ग बंद करू नका. पोरं आत्ता कुठे..."

ताई उठली. आपण कधी उठलो हे तिला कळलं नाही.

"संस्थेची चूक नाही," ती म्हणाली. "चारी तिमाह्यांत तीच मुलं आहेत. त्यांची बेरीज झालीय. नावं ताडून, प्रत्येक मूल एकदाच मोजलं, तर नऊशे साठ होतात. केंद्रामागे चोवीस."

खजिनदारांची बोटं चालली. "नऊशे साठांत चारशे बत्तीस. पंचेचाळीस टक्के. मुलामागे दोन हजार आठशे पंच्याहत्तर." त्यांनी मान हलवली. "मग ठीक आहे. मागच्यापेक्षा बरंच आहे."

साहेबांनी ग्लासात पाणी ओतून घेतलं. ताईने जे रचलं होतं ते अक्षरशः तसंच घडलं होतं. ती उठली होती, तिने सांगितलं होतं, नवीची त-त-प-प झाली होती. फक्त तोंडात चव नव्हती.

अध्यक्षबाई मात्र ताईकडेच बघत होत्या. "नऊशे साठ तुम्हाला तोंडपाठ आहे. हे पान सभेआधी तुम्ही पाहिलं नव्हतं?"

ताई उत्तर देणार तोच नवी बोलली. "नाही मॅडम. मी दाखवलंच नाही त्यांना. घाई झाली माझी. सगळी चूक माझी आहे."

खोटं! धडधडीत खोटं, आणि तेही चेहऱ्यावरची रेष न हलवता. क्षणभर ताईला वाटलं, सुटले. अळीमिळी गुपचिळी, बसावं खाली. आणि पुढच्याच क्षणी तिच्या पोटातलं जुनं दुखणं फणा काढून वर आलं. अस्सं? आकडे माझे घेतले, खुर्ची घेतली, बहीण घेतली. आता चांगुलपणाही हीच घेणार? उद्यापासून आयुष्यभर मी हिच्या उपकाराखाली फिरायचं, आणि हिने माझ्याकडे बघून गोड हसायचं? मेले तरी नाही!

लोकांना पश्चात्ताप होतो म्हणून ते खरं बोलतात, असं आपण ऐकत आलो. ताई खरं बोलली ती निव्वळ जळून.

"दाखवलं होतं," ती म्हणाली. "काल दुपारी. तिने विचारलंसुद्धा, काही चुकतंय का म्हणून. मला दिसलं होतं चुकलेलं. मी म्हटलं, छान झालंय."

साहेबांचा ग्लास हवेतच राहिला. "ताई? का पण?"

"तिची फजिती व्हावी म्हणून. सगळ्यांना तीच लागते. मला बघवत नाही ते."

पडद्यावर पस्तीसशेचा आकडा तसाच होता. आणि मग टेबलाच्या मधोमधून, सगळे विसरले होते त्या फोनमधून, धाकटीचा बारीक आवाज आला.

"साहेब, मी ठेवू का फोन?"

वर्ग चालू राहिले. सुधारलेलं पान आठवड्याभरात पाठवा, पुढच्या वर्षीचं बजेट तेवढंच, असं अध्यक्षबाईंनी लिहून घ्यायला सांगितलं. ताईला त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. साहेब परतताना गाडीत म्हणाले, "यापुढे पान नवीकडेच. तुम्ही तिला ती रीत शिकवा, आणि लिहूनही द्या." ताईने मान डोलावली. धाकटीला तिने त्या संध्याकाळी फोन लावला, दुसऱ्या दिवशी लावला, तिसऱ्या दिवशीही लावला. घंटी पूर्ण वाजायची आणि बंद व्हायची.

चौथ्या दिवशी दोघी एका टेबलावर बसल्या. मधे याद्यांचा ढीग. ताई सांगत होती, नवी लिहून घेत होती. मुलाचं नाव, बापाचं नाव, केंद्र. एका केंद्रावरून दुसरीकडे गेलेलं मूल दोन केंद्रांत दिसतं, तेही एकदाच धरायचं. नवीने टोमणा मारला नाही, तोंड वाकडं केलं नाही. ताईला वाटलं, एकदा तरी मार बाई टोमणा, म्हणजे मीही मोकळी होईन. पण ती पोरगी कसली, तिने ताईसाठी चहासुद्धा सांगून ठेवला होता.

"तुम्ही का खोटं बोललीस तिथे?" ताईने शेवटी विचारलं. घाईत तुम्ही आणि तू यांची खिचडी झाली.

नवी हसली. "मला वाटलं, तुमच्या बहिणीने ते ऐकू नये."

ताई यादी चाळायला लागली. याद्या धाकटीच्या हातच्या होत्या. तिला अक्षर वळवायला ताईनेच शिकवलं होतं, स्वयंपाकघरातल्या फरशीवर खडूने.

नवीचा मोबाईल वाजला. वाढदिवसाची टोपी. नवीने फोन उचलला, थोडं ऐकलं, "त्या दोन केंद्रांच्या याद्या ना, हो, आल्यात," म्हणाली. मग ताईकडे पाहिलं आणि फोनवर म्हणाली, "काय राहिलंय ते ताईच सांगतील तुला. शेजारीच आहेत." आणि मोबाईल ताईच्या हातात दिला.

"हॅलो," ताई म्हणाली. "मी बोलतेय."

पलीकडे पोरं मोठमोठ्याने वाचत होती, सगळी एका सुरात. धाकटीचा श्वास ऐकू येत होता. ताईला कितीतरी बोलायचं होतं. वेणीचं, फीचं, केकचं. पण तोंडातून एवढंच निघालं, "तिसऱ्या तिमाहीतल्या एका यादीत बापाचं नाव राहिलंय. केंद्र सत्तावीस."

"बरं. बघते," धाकटी म्हणाली.

ताई वाट बघत राहिली. तायडे म्हणेल. शिव्या तरी देईल.

"झालं ना?" धाकटी म्हणाली. "आता तिला दे."

ताईने फोन नवीला दिला.